हाऊसफुल्ल तोटा

तिकीट लावून केलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाचा खर्च निघायला किती प्रेक्षक लागतात, हा आकडा भागाकाराने निघतो. नगरमध्ये तो बहुधा उमेदीने काढला जातो. भागाकार अवघड नाही. प्रेक्षक एक आला काय अन् पाचशे आले काय, जो खर्च बदलत नाही, तो आधी एकत्र मांडायचा. एका तिकिटामागे हातात खरोखर किती रुपये राहतात, ते नंतर पाहायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागले की प्रेक्षकसंख्या मिळते. ती सभागृहाच्या खुर्च्यांपेक्षा जास्त आली, तर कार्यक्रमाला देवही वाचवू शकत नाही.

उदाहरणासाठी सावेडीत 600 खुर्च्यांच्या सभागृहात सुगम संगीताची मैफल ठरली असे धरू. आकडे मानीव आहेत. सभागृहाचे भाडे 22 हजार. अनामत परत मिळते, म्हणून ती खर्चात धरत नाहीत. कलाकारांचे मानधन 1 लाख 10 हजार. पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत असल्याने कलाकार रात्रीच परततील असे समितीला वाटते. गाडी, जेवण आणि ऐनवेळी लागलेल्या खोल्या याच रकमेत बसवाव्या लागतात. ध्वनी-प्रकाश 25 हजार, परवाने व गाण्यांचे स्वामित्वशुल्क 10 हजार, छपाई 13 हजार. एकूण 1 लाख 80 हजार.

छपाई प्रेक्षकांच्या संख्येनुसार वाढते, असा एक समज आहे. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च पाचशे हस्तपत्रकांना जेवढा, तेवढाच हजारांना. वाढतो तो कागद. छपाईचा खर्च दुप्पट होतो तो पत्रकावर तारीख चुकल्यावर, किंवा 2024 नंतरही जुन्या साच्यात ‘अहमदनगर’ राहून गेल्यावर.

समितीने तिकीट 300 ठेवले, कारण ‘आपल्याकडे लोक एवढेच देतात’. ऑनलाइन विक्रीचे कमिशन वगैरे 20 रुपये वजा जाऊन हातात 280 राहतात. 1 लाख 80 हजार भागिले 280, म्हणजे 643 प्रेक्षक. खुर्च्या 600. अर्थात कार्यक्रम तुडुंब भरला तरी तोट्यात आहे, आणि ही बातमी समितीला टाळ्यांच्या कडकडाटातच कळते.

शिवाय सगळ्या 600 खुर्च्या विकायच्या नसतात. पुढच्या 80 मानाच्या पासांच्या. त्यांवर मान्यवर दुसऱ्या गाण्याला येतात आणि चौथ्याला सत्कार घेऊन निघून जातात. एरवी जी खुर्ची रिकामीच राहिली असती, तिच्या पासाची किंमत शून्य असते. पण इथे पास मागतो तो नेमका तिकीट परवडणारा माणूस, म्हणून त्या पासाची किंमत पूर्ण तिकिटाएवढी धरावी.

विकाऊ खुर्च्या उरल्या 520. सगळ्यांना 500 रुपये दर लावला तर हातात 480 येतात आणि 375 तिकिटे पुरतात. पण सरसकट 500 म्हटले की गाव रुसते. मग 120 खुर्च्या 500च्या, 200 खुर्च्या 400च्या आणि 200 खुर्च्या 300च्या, असा प्लॅन उघडतो. स्वस्त तिकिटे आधी संपतात. 300 आणि 400ची सगळी गेली तर 1 लाख 32 हजार जमतात. उरलेल्या 48 हजारांसाठी 500ची 100 तिकिटे विकावी लागतात. म्हणजे 520पैकी 500 खुर्च्या भरल्यावर खर्च निघतो. सगळ्या भरल्या तर नफा 9 हजार 600. तोही आभाराच्या शाली, श्रीफळे आणि नाश्त्यापूर्वीचा.

दर 500च्या वर नेला तर वेगळीच गंमत. नाटक, संगीत, नृत्याच्या प्रवेशाला माणशी 500 रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. त्यापुढे पूर्ण तिकिटावर 18 टक्के लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्या संस्थेने तिकीट 590 केले, तर कर भरून पुन्हा 500च उरतात. 550चे तिकीट प्रेक्षकाला महाग पडते आणि संस्थेला 500च्या तिकिटापेक्षा कमी देते. असा दर समिती एकमताने मंजूर करते.

यावर उतारा म्हणजे प्रायोजक. त्याने 60 हजार दिले तर खर्च 1 लाख 20 हजारांवर येतो. 300ची सर्व आणि 400ची 169 तिकिटे, म्हणजे 369 प्रेक्षकांत हिशोब मिटतो. प्रायोजक मात्र 25 पास मागतो, तेही पुढच्या रांगेत. 500ची तिकिटे संपणार असतील तर त्या पासांचे 12 हजार जातात, आणि त्याची देणगी खरी 48 हजारांची असते. फलकावर 60 हजारांचाच चेहरा झळकतो.

हे सगळे कलाकाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मांडायचे असते. दिल्यानंतर तोच भागाकार फक्त तोटा किती ते सांगतो. तूर्त 300ची तिकिटे शिल्लक आहेत. पास संपले आहेत, कृपया फोन करू नये.