सहीचं वजन भरत नाही

बँकेत कारकून व्हायचं तर आकडेमोड, इंग्रजी, तर्कशक्ती यांची परीक्षा असते, हा एक गैरसमज आहे. त्या सगळ्या नंतरच्या गोष्टी. पहिला पेपर फॉर्म भरतानाच होतो. त्याचा अभ्यासक्रम कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकात नसतो, आणि त्यात नापास झालेल्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही, कारण त्याचा फॉर्मच गेलेला नसतो. विषय एकच: स्वतःचा चेहरा, सही, अंगठा आणि हस्ताक्षर ठरवून दिलेल्या केबीत बसवणे.

आयबीपीएसच्या जाहिरातीत शेवटी एक परिशिष्ट असतं. अनुभवी उमेदवार ते वाचत नाहीत. नवखे वाचतात आणि फसतात. फोटो 200 × 230 पिक्सेल, वजन 20 ते 50 केबी. सही 140 × 60 पिक्सेल, वजन 10 ते 20 केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा 240 × 240. आणि स्वहस्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र 800 × 400, तेही इंग्रजीतच. जास्तीत जास्त किती, हे कोणीही समजून घेईल. सरकारी कपाटात जागा कमी असते. पण कमीत कमी किती? सही हलकी असली तर नेमकं कोणाचं काय बिघडतं, हे परिशिष्ट सांगत नाही.

आता बँकेचीच परीक्षा आहे, तर थोडा हिशेब करू. 140 गुणिले 60 म्हणजे 8,400 ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन बाइट. एकूण 25,200 बाइट, म्हणजे साडेचोवीस केबी. हे झालं काहीही न दाबता, ठिपका न् ठिपका मोजून. पण फाइल जेपीजी हवी, आणि जेपीजीचा जन्मच मुळी दाबण्यासाठी झालेला. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि ज्या चौकोनात काही घडत नाही, त्यावर जवळपास काहीच खर्च करत नाही. पांढऱ्या कागदावरच्या सहीत घडतं ते एवढंच की एक काळी रेघ वळणं घेत जाते. बाकी सगळी शांतता. अशी फाइल भरते दोन-तीन केबी. दर्जा अगदी शेवटपर्यंत ताणला तरी स्वच्छ कागदावर ती चार-पाचच्या आसपास थकते. दहाचा उंबरठा लांबच राहतो.

म्हणजे पांढरा कागद, काळी शाई, मोजून मापून 140 × 60 असं सगळं सांगितल्याप्रमाणे केलेल्या आज्ञाधारक उमेदवाराला पडद्यावर उत्तर मिळतं, फाइल फार लहान आहे. फोटोचंही तेच. 200 × 230 चा फोटो ठीकठाक दर्जात दहा-पंधरा केबीत आटोपतो, आणि दार वीसला उघडतं. त्यातही पार्श्वभूमी फिकट आणि साधी हवी, अशी अट असते. भिंत जितकी स्वच्छ, फाइल तितकी हलकी. पोपडे उडालेल्या, ओल आलेल्या भिंतीसमोर उभं राहिलं तर वजन चटकन भरतं, पण तशी भिंत चालत नाही. गुणवत्तेची परीक्षा म्हणतात ती हीच असावी.

पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या गर्दीतल्या एका सायबर कॅफेत असाच एक भरतीचा फॉर्म भरला जात होता. मुलगी खुर्चीवर, आई मागे उभी, आणि कॅफेवाला शेजारच्या मशीनवर तिसऱ्याच कोणाचं तरी हॉलतिकीट काढतोय.

“दादा, साइज कमी आहे म्हणतोय.”

“किती आलीय?”

“तीन केबी.”

“जाड पेनानं करा सही.”

जाड पेनानं केली. काटा जरासा हलला, इतकंच. जाड रेघेच्या पोटातही शांतताच असते. फाइलचं वजन वाढतं ते कडांमुळे, आणि कडा तेवढ्याच राहिल्या.

“कागद थोडा चुरगाळा, मग फोटो मारा.”

आईनं कॅफेवाल्याकडे पाहिलं. घरात वह्यांना कव्हरं घालून वाढवलेली मुलगी. तिची सही चुरगाळलेल्या कागदावर हवी म्हणजे काय? पण कॅफेवाल्याचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. चुरगाळलेल्या कागदावर सावल्या पडतात, चौकोनाचौकोनात काहीतरी घडू लागतं आणि जेपीजीला खर्च करावाच लागतो. फाइल पाचवर गेली.

शेवटी त्यानं स्वतः माउस हातात घेतला. मूळ मोठा फोटो उघडला, सहीभोवती नीट कापला आणि 140 × 60 ऐवजी 420 × 180 केला. लांबी-रुंदीचं प्रमाण तेच, ठिपके नऊपट. दर्जाची पट्टी थोडी मागेपुढे केली. चौदा केबी. फॉर्मनं मुकाट्यानं घेतली.

“पण त्यात तर 140 लिहिलंय,” मुलगी म्हणाली.

“ताई, ते वाचायचं नसतं.”

या एका वाक्यात ई-प्रशासनाचा सारा अनुभव आला. परिशिष्टात त्या मापापुढे कंसात ‘शक्यतो’ या अर्थाचा शब्द असतो, हे खरं. केबीपुढे तो नसतो. म्हणजे माप शक्यतो पाळा, वजन मात्र पाळाच. आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, हे तुमचं तुम्ही शोधून काढा.

ज्यांना असा कॅफेवाला भेटत नाही, ते मोबाइलवर ‘केबी वाढवून देणारी’ वेबसाइट शोधतात. अशा साइट भरपूर आहेत आणि त्यातल्या काहींची युक्ती दाद देण्याजोगी आहे. जेपीजी फाइल कुठे संपते हे सांगणारी दोन बाइटांची एक खूण असते. तिच्यापुढे काहीही लिहिलं तरी चित्र दाखवणारा प्रोग्राम तिकडे बघत नाही. मग खुणेच्या पुढे नऊ-दहा केबी कचरा भरायचा. सही तीच, ठिपका हललेला नाही, पण कागदोपत्री वजन वाढलं. रवा कमी पडला म्हणून पिशवीत खडे टाकावेत, तसं. फॉर्म खूश, कारण त्याला रवा बघायचाच नव्हता, काटा बघायचा होता.

विनोद इथे जरा थांबवतो. फोटो, सही, अंगठ्याचा ठसा आणि हस्ताक्षर या चार गोष्टी कशासाठी घेतात? परीक्षेला तोतया बसू नये म्हणून. आणि नेमक्या याच चार गोष्टी उमेदवार, वजन जुळावं म्हणून, कोणाची आणि कुठल्या देशातली हे माहीत नसलेल्या फुकट साइटवर एकापाठोपाठ एक चढवतात. ‘आम्ही फाइल तासाभरात पुसतो’ असं तिथे लिहिलेलं असतं. ते खरं आहे की नाही, हे आपल्याला तपासता येत नाही. तोतयाला याहून सोयीस्कर संच कोण देणार? कापणं आणि माप बदलणं संगणकावरच्या पेंटमध्ये इंटरनेटशिवाय होतं. आयफोनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की .heic चं नाव बदलून .jpg केल्यानं फाइल बदलत नाही, फक्त पाटी बदलते. आत डोकावणारा फॉर्म ती हाकलून देतो.

वजन बघतानाही एक खड्डा आहे. विंडोजमध्ये फाइलची माहिती उघडली की दोन आकडे दिसतात: Size आणि Size on disk. दुसरा आकडा म्हणजे डिस्कवर अडवलेली जागा, आणि ती साधारणपणे चार-चार केबीच्या खणांत मोजली जाते. सतरा केबीची फाइल पाच खण अडवते आणि तिथे वीस दिसतं. फोटोचे वीस भरले म्हणून उमेदवार आनंदानं फाइल चढवतो आणि परत येतो. बघायचा तो पहिला आकडा.

पीडीएफची गंमत उलटी. तिथे वजन कमी करता करता जीव जातो, आणि बहुतेकदा ते वजन आपणच वाढवलेलं असतं. ‘आपले सरकार’वरून उतरवलेला दाखला मुळात हलका असतो, कारण त्यातली अक्षरं अक्षरं म्हणूनच साठवलेली असतात. आपण काय करतो? त्याची प्रिंट काढतो, प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सवर साक्षांकनाचा शिक्का, आणि मग ते सगळं रंगीत स्कॅन. आता तो दाखला राहिला नाही, दाखल्याचा फोटो झाला, काही एमबींचा. मग तो दोनशे केबीत कोंबायचा. कोंबणारा प्रोग्राम अक्षरं वाचत नाही, फक्त चित्र खरवडतो. दाखला क्रमांकातला 3 आणि 8 सख्खे भाऊ दिसू लागतात. डिजिटल सही तर पहिल्या प्रिंटलाच गेलेली असते.

दाबण्यात आकडे बदलू शकतात, ही काल्पनिक भीती नाही. 2013 साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीन स्कॅन करताना 6 च्या जागी 8 छापत होती. जागा वाचवण्यासाठी मशीन सारखे दिसणारे आकार एकाच साच्यात घालत होती. पान धूसरही दिसत नव्हतं. स्वच्छ, नीटनेटकं आणि चुकीचं होतं. म्हणून मूळ पीडीएफ मिळत असेल तर तीच चढवावी. स्कॅन करावंच लागलं तर रंग काढून, दोनशे डीपीआयच्या आसपास करावं आणि दाबून झाल्यावर फाइल मोठी करून दाखला क्रमांक, जन्मतारीख आणि गुण स्वतः वाचून बघावेत. वाचता आले नाहीत तर पडताळणीच्या टेबलावरच्या साहेबांनाही येणार नाहीत, आणि त्यांना वाचून बघण्याची घाई नसते.

यावर उपाय काय, असं विचारणं म्हणजे आपल्या आयटीतल्या मुलांचा अपमान आहे. उमेदवारानं फोनमधला चार एमबीचा फोटो द्यावा आणि फॉर्मनंच तो हव्या त्या मापात आणून घ्यावा, यासाठी दोन-चार ओळींचं काम लागतं. ते एकदा, एका ठिकाणी करायचं. त्याऐवजी ते प्रत्येक उमेदवाराकडून, प्रत्येक फॉर्मला, शेवटच्या तारखेच्या रात्री करून घेतलं जातं. खर्च वाचला असं यालाच म्हणतात. फक्त तो सायबर कॅफेच्या बिलात दिसतो, भरतीच्या अंदाजपत्रकात नाही.

परिशिष्ट लिहिणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. त्यात वर्षानुवर्षे एक सल्ला छापला गेला: जेपीजी करण्यासाठी एमएस पेंट किंवा एमएस ऑफिस पिक्चर मॅनेजर वापरा. हा पिक्चर मॅनेजर ऑफिस 2013 पासून मायक्रोसॉफ्टनं देणंच बंद केलं. तर ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी तो मॅनेजर शोधून आणावा, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं सही करावी, ती बरोबर 140 × 60 पिक्सेलमध्ये दहा केबीच्या वर आणून दाखवावी आणि मगच पुढची जाहिरात काढावी. नाहीतर ‘कमीत कमी’ची ओळ खोडावी. तोवर उमेदवारांनी सही 420 × 180 मध्येच ठेवावी, आणि मूळ फोटो पुसू नयेत.