स्वागतसंहितेची रचना

शहापूर-मुरबाडकडील महाविद्यालयीन वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाने वाचावयाची स्वागतसंहिता, म्हणजे गतवर्षीच्या कागदावरील नावे खोडून सिद्ध केलेला मजकूर, साधारणतः तीन भागांची असते. पहिल्या भागास मानक्रम म्हणतात. त्यात आमदार, संस्थाचालक आणि देणगीदार यांच्यापैकी कोणाचे नाव आधी घ्यावे, हे प्राध्यापकांनी पेनाने तीनदा फिरवलेले असते, आणि एखाद्या नावापुढे कंसात ‘आल्यास’ अशी सूचना असते, जी अध्यक्ष घाईत नावासकट मोठ्याने वाचतो व समोर बसलेल्या त्या पाहुण्यास आपल्या येण्याविषयी आयोजकांना वाटणारी खात्री कळते. दुसरा भाग भूमिवर्णनाचा असून, मुरबाडला माळशेज घाट आणि शहापूरला तानसा-भातसा धरणे पुरेशी ठरतात. मात्र या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील पाड्यांवर टँकर येतो, एवढा तपशील वेळेअभावी गाळला जातो. तिसरा भाग विद्यार्थ्यांचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यार्थी परिषदेसाठी निवडणुकीची तरतूद केली असली, तरी संहितेत ज्यांचे प्रतिनिधित्व करावयाचे त्यांच्या वाट्याला ‘आणि माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो’ हे एकच संबोधन येते, आणि तेही डोळखांब-टोकावड्याकडील मुले शेवटच्या एसटीसाठी उठू लागल्यावर. एकंदरीत, या भाषणात स्वागत ज्यांचे होते ते उशिरा येतात आणि ज्यांच्या वतीने होते ते लवकर जातात.