रीड-ओन्ली

आमची भाची चिऊ हिंजवडीला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि हापिस जवळ पडतं म्हणून आमच्या बाणेरच्या घरी राहते. पगार झाला की महिन्याच्या 5 तारखेला तिची 'एसआयपी' कापली जाते, निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात. इथपर्यंत सगळं कौतुकाचं. मी बँकेत हयात घालवली, त्यामुळे पंचविशीतली पोरगी पैसे बाजूला टाकते हे बघून ऊर भरून यायचा. पण पैसे बाजूला टाकल्यावर ते बाजूला पडू द्यायचे असतात, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सव्वानऊला बाजार उघडे आणि चिऊचा अंगठा मोबाइलवर जाई. मग दर तासाला, साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत. घरून काम असेल त्या दिवशी तर मला भिंतीवरच्या घड्याळाची गरजच उरत नसे. आतल्या खोलीतून "हुश्श" आलं की दहा, "अगं बाई" आलं की अकरा.

यातली खरी गंमत मला उशिरा कळली. म्युच्युअल फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, दिवसातून एकदाच ठरते, बाजार बंद झाल्यावर. ती जाहीर होते रात्री. म्हणजे दिवसभर ॲपमध्ये दिसतो तो आदल्या दिवसाचा आकडा. तासातासाला उघडलं तरी तोच. मी हे चिऊला मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो.

"माहितीये रे मामा," ती म्हणाली. "म्हणून तर मी निफ्टी बघते आणि मनात गुणते."

मामीने तिच्या खात्यातला दाखला दिला. विरजण लावलेलं भांडं दर तासाला उघडून ढवळलं तर दही लागत नाही, म्हणाली. चिऊने वकिली मुद्दा काढला. "मामी, ढवळणं म्हणजे राइट ऑपरेशन. मी फक्त वाचते. रीड-ओन्ली! माझ्या बघण्याने निफ्टीला काहीही होत नाही." निफ्टीला होत नाही हे खरंच होतं. मामी पुटपुटली, "निफ्टीची काळजी आहे कुणाला?"

मग 2024 चा जून उजाडला. 3 तारखेला सोमवारी, एक्झिट पोलच्या जोरावर, निफ्टी सव्वातीन टक्के चढून 23,264 वर बंद झाला. त्या संध्याकाळी चिऊने आम्हाला मस्तानी पाजली. दुसऱ्या दिवशी लोकसभेची मतमोजणी. सगळा देश जागांचे आकडे बघत होता, आमच्याकडे चिऊ दुसरेच बघत होती. दुपारपर्यंत निफ्टी 21,300 च्याही खाली जाऊन आला. आतल्या खोलीतून "अगं बाई" सुद्धा येईना. पावणेतीनच्या सुमारास ती बाहेर आली आणि म्हणाली, "एक लाखाची युनिट्स विकली."

हे पावणेतीन महत्त्वाचं. विक्रीचा अर्ज तीनच्या आत गेला की त्याच दिवसाची एनएव्ही लागते, आणि ती बाजार बंद झाल्यावर ठरणार असल्यामुळे आपण कोणत्या भावाला विकलं हे विकताना कळतच नाही. निफ्टी शेवटी 21,884 वर थांबला. एका दिवसात जवळजवळ सहा टक्के खाली. चिऊला तो भाव मिळाला. पैसे खात्यात पडायला दोन कामकाजाचे दिवस लागले, गुरुवार उजाडला. तोवर बाजार शांतपणे वर निघाला होता, आणि शुक्रवारी 7 तारखेला निफ्टी 23,290 वर बंद झाला. सोमवारपेक्षा 26 अंकांनी वर! एक लाखाला विकलेली युनिट्स परत घ्यायला आता एक लाख सहा हजार चारशे मोजावे लागणार होते, कर वेगळाच. ज्याने सोमवारी संध्याकाळी बघितलं आणि एकदम शुक्रवारीच बघितलं, त्याच्या लेखी त्या आठवड्यात काहीच घडलं नव्हतं.

"रीड-ओन्ली," मामी एवढंच म्हणाली. कधी बोलायचं हे तिला बरोबर कळतं.

चिऊ रडली-बिडली नाही. इंजिनिअर माणूस, कागद घेऊन बसली. निफ्टी वर्षाला सरासरी 12 टक्के वाढतो आणि त्याची वार्षिक वर-खाली साधारण 16 टक्के, असं धरून तिने गणित मांडलं. तासातासाला शंभर वेळा बघितलं तर सुमारे 49 वेळा लाल दिसणार. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच. महिन्यातून एकदा बघितलं तर शंभरातले 41 वेळा, वर्षातून एकदा बघितलं तर 23. फंड तोच, पैसे तेच. शिवाय तोट्याचं दुःख नफ्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट बोचतं, हे कानमन आणि ट्वर्स्की यांनी मांडलेलं. तो हिशेब लावला तर तासाची गिऱ्हाईक कायम दुःखात राहणार, महिन्याचीसुद्धा, आणि वर्षाची तेवढी मजेत. बाजार चढत असतानासुद्धा! मला हे गणित फार आवडलं. बँकेत वर्षाखेरीला ताळेबंद करायचो तेव्हा इतकं शास्त्र आपल्या पाठीशी आहे याची कल्पना नव्हती.

गणित पटलं म्हणून अंगठा थांबत नाही. तिने ॲप काढून टाकलं; दोन दिवसांत परत घातलं. पुन्हा काढलं. आता घालताना ओटीपी, पिन, पुन्हा ओटीपी अशी तीन दारं लागत, आणि तिसऱ्या दाराशी तिला स्वतःचीच थोडी लाज वाटे. तेवढ्यात हापिसातल्या एका ज्युनिअरला ती फोनवर झापताना मी ऐकलं: "अरे, सर्व्हरला दर मिनिटाला काय विचारतोस, झालं का, झालं का? बदल झाला की तोच कळवेल!" फोन ठेवला आणि बराच वेळ ती भिंतीकडे बघत बसली.

त्या रविवारी तिने जुन्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. म्युच्युअल फंडांची संघटना 'ॲम्फी' सगळ्या एनएव्ही `NAVAll.txt` नावाच्या फाइलीत टाकते, ती तो वाचायचा. वेळापत्रक आधी असं होतं:

```
0 9-15 * * 1-5
```

म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी तीन, दर तासाला. जित्याची खोड! आठवडाभराने नोंदी उघडल्या तर रोज एकच आकडा सात-सात वेळा. मी सांगितलेलं तिने हसण्यावारी नेलं होतं. स्वतःच्याच प्रोग्रॅमने सांगितल्यावर गपचूप बदललं:

```
0 8 * * 6
```

शनिवारी सकाळी आठला, एकदाच. आणि मेलही उगाच पाठवायचा नाही. शेअरचा फंड 75 टक्के आणि मुदत ठेव 25, अशी तिची वाटणी. शेअरचा वाटा 70 च्या खाली किंवा 80 च्या वर गेला तरच कळवायचं. 'मी जिवंत आहे' असा साप्ताहिक मेलसुद्धा तिने मुद्दाम ठेवला नाही; आला की उघडलाच असता. पहिले काही शनिवार ती आठ वाजता उगाच इनबॉक्स चाळत पोह्यांसमोर बसायची. मग झोपायला लागली.

वसुबारसेला मामीने आकाशकंदील लावला. गॅलरीच्या दाराशी एकच सॉकेट, त्यात कुठलासा चार्जर खोचलेला. तो तिने उपटला.

त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर कंदील उतरवताना चिऊला लॅपटॉप दिसला. बॅटरी ठार, तीन शनिवार कोरडे. मी सप्टेंबरअखेरपासून पेपरात वाचत होतो: 26,216 च्या शिखरावरून निफ्टी तोवर सुमारे 10 टक्के घसरला होता. मी जीभ चावून गप्प. तिने फोनवर आकडा बघितला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "75 चे 73 झालेत. चालू असता तरी मेल आला नसता."

"मग लावतेस परत?" मी विचारलं.

"तिथे मी डासांचं मशीन लावलंय," मामी आतून ओरडली.

"राहू दे," चिऊ म्हणाली. "डास फार झालेत."