भुरका मारा, गुण द्या

चिकोडीत कॉफी मिळते ती चहा सोडलेल्या पाहुण्याला, तीही नाइलाजानं. अशा गावात मी रविवारी सकाळी ओट्यावर कॉफी पारखायचं कपिंग मांडलं. चिकमगळूरच्या एकाच मळ्यातलं एस. ७९५ जातीचं बी, भाजण्या दोन. एक पहिल्या तडतडीनंतर लगेच उतरवलेली, तांबूस. दुसरी दुसऱ्या तडतडीपर्यंत रेटलेली, काळी, तेलकट. बी एकच, विस्तव कमीजास्त. तो फरक जिभेनं सांगायचा होता.

दर १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम पूड लागते. मी पोह्याच्या चमच्यानं मापायला बसलो. शेजारच्या काकांचं आयुष्य निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेलेलं. ते म्हणाले, "चमच्यानं काय मापालाईस? काळं बी फुगलंय, वजनाला कमी भरणार." सोनाराचा काटा मागून आणला, तर काटाही काकांच्याच बाजूचा निघाला. वाट्या स्टीलच्या होत्या. त्या बोटं भाजायच्या आणि पाणी भराभर निववायच्या. शेवटी काचेचे एकसारखे पेले मांडले, प्रत्येक भाजणीचे तीन, म्हणजे एखादा बिघडला तर कळतो.

उकळी बसलेलं, ९३ अंशांच्या आसपासचं पाणी काठोकाठ ओतलं की पूड वर येऊन जाड थर धरते. चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. मग नाक पेल्याशी नेऊन चमच्याच्या पाठीनं थर तीनदा मागं सारायचा. आत कोंडलेला वास तेव्हाच भसकन येतो. मी नाक इतकं जवळ नेलं की शेंड्याला कॉफी लागली आणि चष्मा वाफेनं आंधळा झाला. त्या गडबडीत काळ्या पेल्यातला चमचा न धुता तांबूस पेल्यात बुडवला. पुढं दोन्हीकडं एकच धुरकट वास. तो पेला मुकाट्यानं ओतून टाकला.

वरचा फेस काढून, जरा निवल्यावर चमचाभर कॉफी जोरात ओढून घ्यायची, म्हणजे ती जिभेभर पसरते आणि वास मागून नाकात चढतो. माझे भुरके ऐकून आई आतून म्हणाली, "लहानपणी याच आवाजासाठी धपाटे खाल्लास की रे!"

कपिंगच्या तक्त्यात गुण सहा ते दहा, पाव-पावानं. मी गरम असतानाच चव, आंबटपणा, शेवटची रेंगाळ सगळे रकाने भरून टाकले: काळी आठ, तांबूस सव्वासात. पेले कोमट झाले तसा निकाल उलटला. तांबूसमध्ये मोसंबीसारखा आंबटगोडपणा वर आला, काळीत राख उरली. म्हणूनच जाणकार गरम, कोमट आणि गार अशा तिन्ही वेळा चाखतात. शिवाय हा तक्ता मुळात कच्च्या बियाचा दर्जा ठरवायला, हलक्या भाजणीसाठी बेतलेला. काळ्या भाजणीला त्यावर गुण देणं अन्यायाचंच.

काकांनी तक्त्याकडं पाहिलंही नाही. दोन्हींत दूध-साखर घालून प्यायले आणि म्हणाले, "दुधात काळी घाल. तांबडी दुधात मरतीय, ती कोरीच पी."