सात पूर्णांक चार, म्हणजे अबोली

आमच्या चौदा रो-हाउसच्या सोसायटीत एक पोहण्याचा टँक आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे 40 हजार लिटर पाणी. बिल्डरने जाहिरातीत त्याचा फोटो असा काही काढला होता, की आम्हा सगळ्यांना आपण समुद्रकिनारी घर घेतोय असं वाटलं. घर पुण्यात आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याच महिन्यात टँक माझ्या गळ्यात पडला. "आकडेमोडीचंच काम आहे हो," सेक्रेटरी म्हणाले आणि एक प्लॅस्टिकची पेटी हातात ठेवून गेले. पेटीत दोन नळ्या आणि दोन बाटल्या. एका नळीत पाच थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो क्लोरीन. दुसरीत टाकले की पिवळ्यापासून गुलाबीपर्यंत काहीही येतं, तो पीएच. शेजारच्या रंगपट्टीशी ताडून आकडा वाचायचा. क्लोरीन 1 ते 3, पीएच 7.2 ते 7.6.

इथेच माझी पंचाईत झाली. मला आयुष्यात तीनच रंग नीट कळले आहेत: लाल, निळा आणि ड्राफ्टचा फिका. मी नळी उन्हाकडे धरून "गुलाबीच दिसतोय" म्हणालो, तेव्हा सौभाग्यवतींनी नळी हातातून काढून घेतली. "गुलाबी काय, राणी कलर आहे हा!" राणी कलर म्हणजे पट्टीवर 8.2. त्या दिवसापासून आमच्याकडे पीएच आकड्यात नव्हे, साडीत मोजला जातो. हळदी निघाला तर आम्लपणा वाढलाय, राणी निघाला तर अल्कली. आणि अबोली निघाला की सात पूर्णांक चार, चहा टाका.

फेब्रुवारीत टँक भरला तो बोअरच्या पाण्याच्या टँकरने, आणि त्या पाण्याचा स्वभाव मुळातच राणी. पीएच 8.2 असताना टाकलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम सहावा हिस्सा जंतू मारायला उभा राहतो. बाकीचे हजेरीपटावर सही करून कँटीनला जातात. पीएच 7.5 वर आणला तर निम्मे कामाला लागतात. म्हणून आधी ॲसिड. एका वेळी अर्धा लिटर, तेही बादलीभर पाण्यात ओतून. ॲसिडवर पाणी कधीच नाही, नाहीतर उडून तोंडावर येतं. मग चार तास पंप चालवायचा आणि पुन्हा साडी बघायची. तीन दिवसांत अबोली आला.

क्लोरीन मात्र टिकेना. संध्याकाळी 3 मोजलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी नळी पाण्यासारखी पांढरी. पुण्याचं ऊन ते खाऊन टाकत होतं. औषधवाल्याने उपाय सांगितला: ट्रायक्लोरच्या 200 ग्रॅमच्या पांढऱ्या गोळ्या. तरंगत्या डब्यात दिवसाआड एक ठेवायची. तिच्यात क्लोरीनबरोबर सायन्यूरिक ॲसिड असतं, ते क्लोरीनला उन्हापासून जपतं. मला हे लगेच पटलं, कारण ही सरळ मुदतठेव होती. हातात रोकड राहिली की ऊन उधळतं. तीच मुदतठेवीत टाकली की सुरक्षित राहते आणि लागेल तशी थोडी थोडी मोडता येते. शिवाय गोळी स्वतः आम्ल, त्यामुळे टँकरच्या पाण्याचा राणीपणाही परस्पर उतरत होता. मार्च-एप्रिल मी खुर्ची टाकून बसलो. रोजच्या नोंदी अशा, की ऑडिटरने पेढे वाटावेत.

मेच्या मध्यावर एका सकाळी भिंतीवरून हात फिरवला तर बुळबुळीत. दोन दिवसांनी पाण्याला कारल्याच्या रसाचा रंग. मी धावत पेटी आणली. क्लोरीन 3, पीएच अबोली. प्रगतिपुस्तकात पहिला नंबर आणि पोरगं समोर नापास उभं! समोरचे काका म्हणाले, "तुमची पेटी खोटी आहे." सेक्रेटरी म्हणाले, "दोन गोळ्या टाका." मी टाकल्या. पाणी आणखी हिरवं झालं.

रात्री वही घेऊन बसलो तेव्हा भानगड उमगली. तीन महिन्यांत 45 गोळ्या. प्रत्येकीतून साधारण 110 ग्रॅम सायन्यूरिक ॲसिड, म्हणजे एकूण जवळजवळ 5 किलो. क्लोरीन रोज खर्च होत होतं, पण हे ॲसिड कुठेच जात नव्हतं. ते उन्हाने उडत नाही, गाळणीत अडकत नाही. पाण्याची वाफ झाली की ते मागे राहतं, वरून भर घातली तरी तेवढंच राहतं. 5 किलो भागिले 40 हजार लिटर, म्हणजे लिटरला 125 मिलिग्रॅम. हवं होतं 30 ते 50. सगळी रोकड मुदतठेवीत अडकली होती आणि शेवाळाशी लढायला गल्ल्यात चिल्लरही नव्हती. पेटी खोटी नव्हती. ती मुदतठेवीसकट शिल्लक दाखवत होती.

खात्रीसाठी सायन्यूरिक ॲसिडची वेगळी चाचणी मागवली. पाण्यात औषध घातलं की ते दुधासारखं गढूळ होतं, आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतायचं. आमचा ठिपका ओतायला लागताच गायब. मग टँकचं पाणी साध्या पाण्यात निम्मं मिसळून मोजलं, 60 आले. दुप्पट केले, 120.

या दुखण्यावर पाणी काढून टाकण्याशिवाय औषध नाही. मेमध्ये पुण्यात "20 हजार लिटर पाणी सोडून द्यायचंय" हे वाक्य सभेत उच्चारायला जे धैर्य लागतं, ते मी बँकेत दरोडा पडला असता तरी दाखवलं नसतं. "आम्ही बादलीने अंघोळ करतो आणि तुम्ही..." इथपासून सुरुवात झाली. शेवटी ते पाणी क्लोरीन पूर्ण उतरल्यावर पार्किंग धुवायला वापरायचं, या अटीवर दोन टँकर मंजूर झाले.

निम्मं पाणी बदललं आणि 120 चे 60 झाले. त्या रात्री ऊन गेल्यावर द्रव क्लोरीन, म्हणजे दहा टक्क्यांचं हायपो, 10 लिटर ओतलं. भिंती ब्रशने घासल्या, पंप रात्रभर चालू. सकाळी पाणी हिरव्याचं राखाडी झालं होतं. शेवाळ मेलं होतं. दोन दिवस वाळूची गाळणी उलटी धुतली आणि तिसऱ्या दिवशी तळाची फरशी दिसली. मधे एकदा पीएच मोजायला गेलो तर सौभाग्यवती गोंधळल्या. "हा तर वांगी कलर! हा तुमच्या पट्टीत नाहीच." त्यांचं बरोबर होतं. क्लोरीन फार चढलं की ते पीएचच्या थेंबांचाच रंग बिघडवतं. वांगी दिसलं की ॲसिड ओतायचं नाही, क्लोरीन उतरायची वाट बघायची आणि तोवर टँकला कुलूप.

आता रोज संध्याकाळी लिटरभर हायपो, आठवड्याला थोडं ॲसिड. गोळ्या फक्त आम्ही गावाला गेलो तरच, आणि त्यांच्या डब्यात दुसरं कुठलंही क्लोरीन नाही. ट्रायक्लोर आणि दाणेदार क्लोरीन एकत्र आलं तर आग लागते.

मग पाऊस आला. पुण्यात चार महिन्यांत साधारण 600 ते 700 मिलिमीटर पडतो, म्हणजे आमच्या सव्वा मीटरच्या टँकच्या निम्मं पाणी आभाळातून फुकट. वरून भरत गेलं, कडेने वाहत गेलं. सप्टेंबरात ठिपका 40 च्या जवळ दिसेनासा झाला. ज्या मुदतठेवीसाठी मी सभेत शिव्या खाल्ल्या, ती वरुणराजाने एकही ठराव न करता मोडली होती.

दिवाळीत साडीच्या दुकानात सौभाग्यवती नेहमीप्रमाणे तिसाव्या साडीवर अडल्या. मी कंटाळून म्हणालो, "ती सात पूर्णांक चारवाली दाखवा हो." दुकानदार बावचळला. सौभाग्यवतींनी मान वरही न करता हात पुढे केला आणि गठ्ठ्यातून अबोली ओढून काढली.