आग गुरुवारी लागेल

आमच्या इमारतीला गुरुवारी सकाळी साडेअकराला आग लागणार, हे मीटिंगमध्ये एकमताने ठरलं. एकमत व्हायला दीड तास लागला. सोमवारी सेल्सवाल्यांचा रिव्ह्यू, मंगळवारी साहेबांचा उपास, आणि जेवणाच्या सुट्टीत आग लागलेली कँटीनला चालणार नव्हती. महिना मात्र वादाशिवाय ठरला. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे साठहून अधिक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात. चौदाला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून आमची आग पुढच्या गुरुवारवर गेली.

सर्वांना फक्त आठवडा सांगितला; वार आणि वेळ माहीत होती ती मीटिंगला बसलेल्यांना आणि मजल्यामजल्यावरच्या वॉर्डनना. अग्निशमन केंद्राला आधी कळवून ठेवलं, नाहीतर कोणीतरी हौसेने 101 फिरवायचा आणि खरा बंब दारात यायचा. प्रत्येक मजल्यावर एक निरीक्षक ठेवला, हातात घड्याळ आणि कागद. त्याने कोणाला काही सांगायचं नाही, कोणावर ओरडायचं नाही, फक्त लिहायचं. आमच्याकडे हे काम अवघड असतं. शिवाय पूर्वेच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर मी गुपचूप एक पुठ्ठा लावला: ‘येथे आग आहे.’ दोन्ही जिने नेहमी मोकळेच मिळतील, असं आगीने कुठे लिहून दिलंय?

साडेअकराला हूटर वाजला. आठव्या मजल्यावरच्या निरीक्षकाच्या कागदावर पहिली नोंद अशी: ‘11:30. कोणीही उठले नाही. सगळे साहेबांकडे बघतात. साहेब फोनवर.’ पुढची नोंद 11:32 ची: ‘साहेबांनी एका हाताने कान झाकला.’ पहिला माणूस जागचा हलला तो 11:33 ला, आणि तो दाराकडे नव्हे, डबा घ्यायला गेला. एकदा जिन्यात पाऊल पडल्यावर मात्र आठवा मजला चार मिनिटांत खाली आला. म्हणजे आमचे जिने पुरेसे रुंद होते, गुडघेही ठीक होते. वेळ खाल्ला तो खुर्चीने. त्यामुळे अहवालात जिन्याबद्दल एक ओळ गेली आणि वॉर्डनबद्दल अर्धं पान: हूटर वाजताच वॉर्डनने सर्वांत आधी साहेबांना उठवावे, बाकीचे आपोआप उठतात.

पुठ्ठ्यापाशी वेगळंच नाट्य. लेखा विभागातले एक काका तो वाचून म्हणाले, “थोडीच असेल हो, कडेकडेने जाऊ.” आणि मागची सगळी रांग कडेकडेने आगीतून गेली.

पाचव्या मजल्यावर जिन्याचं अग्निरोधक दार सताड उघडं सापडलं, वीस लिटरच्या पाण्याच्या जारने अडवलेलं. ते दार आपोआप मिटलंच पाहिजे, नाहीतर मजल्यावरचा धूर जिन्यात घुसतो आणि वरून उतरणाऱ्यांना तोच जिना धुराडं होतो. साहेब म्हणाले, मेमो काढा. मी आधी चहावाल्या पोऱ्याला विचारलं. दाराचा क्लोजर इतका कडक की खांदा लावल्याशिवाय ते हलत नाही, आणि पोऱ्याच्या दोन्ही हातांत बावीस कपांचा ट्रे. जार त्यानेच ठेवलेला, आणि त्याच्या जागी मीही ठेवला असता. मेमोने जार हलला असता, पण चहाच्या पुढच्या फेरीपर्यंतच. आता तिथे विद्युतचुंबक बसवलाय: एरवी दार उघडं धरून ठेवतो, हूटर वाजला की त्याची वीज तुटते आणि दार मिटतं.

खरी पंचाईत खाली मैदानात झाली. हजेरीच्या मशीनप्रमाणे आत 187 माणसं. मोजली तर 191. जळालेल्या इमारतीतून चार माणसं जास्तीची बाहेर आली, म्हणून साहेब खूश. त्यात एक मुलाखतीला आलेला उमेदवार, दोन एसीवाले आणि एक क्रेडिट कार्ड विकणारा निघाला, जो रांगेत आपलं काम करत होता. म्हणजे हिशेब जुळला, असं वाटेपर्यंत नावं वाचली. पुकारा झाला तेव्हा मशीनवर पंच करून समोरच्या टपरीवर गेलेले तिघे तिथूनच “हजर” म्हणाले. त्यांना मिळवल्यावर आकडा 194 झाला. म्हणजे आणखी काही पाहुणे होते, आणि त्यांची वही रिसेप्शनच्या टेबलावर, आगीत. नुसती डोकी मोजून काही कळत नाही. नावं लागतात, आणि ती कागदावर बाहेर यावी लागतात. ती वही उचलून आणणं आता सिक्युरिटीच्या कामात लिहिलंय.

एका नावाला मात्र कोणीच ओ दिली नाही. ते गृहस्थ बाराला लिफ्टने उतरले आणि विचारते झाले, “कोणाचा वाढदिवस आहे का?” ते सातव्या मजल्याच्या स्वच्छतागृहात होते. मध्ये दोन बंद दारं आणि एक्झॉस्ट पंख्याची घरघर. हूटर पोचलाच नव्हता. आणि लिफ्ट, जी हूटर वाजताच तळमजल्यावर येऊन उभी राहायला हवी, ती त्यांना घ्यायला वर गेली होती.

अहवालाचा मसुदा पाहून साहेबांनी सुचवलं, वरती ‘ड्रिल यशस्वी’ लिहा. लिहिलं. खाली लिफ्टवाल्या कंपनीला तारीख घातली आणि स्वच्छतागृहांत हूटर बसवून घेतला. त्याची पहिली चाचणी घेतली तेव्हा आतून वैतागलेला आवाज आला, “अहो, येतोय ना! जरा धीर धरा!”