उसाचं बिल आणि दुधाचा पगार

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात वाढलेल्या पोराला अर्थशास्त्राचा पहिला धडा एका वाक्यात मिळतो : "उसाचं बिल आल्यावर बघू." सायकल, चपला, आत्याची साडी, विहिरीवरची मोटर, सगळं त्या बिलावर टांगलेलं. अडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावायचा, तो तुटणार सोळा-अठरा महिन्यांनी. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या. घरातली यादी मात्र वर्षभर आधीच तयार असते. बिलातून सोसायटीचं कर्ज कापून जाणार हे माहीत असूनही ती आखूड होत नाही.

या बिलाचा हिशेब आमच्याकडे कधी कुणी महिन्यावारी मांडला नाही. एकरी पन्नास टन आणि टनाला तीन हजार धरले, तर दीड लाख. ऐकायला भारदस्त! सोळा महिन्यांनी भागलं तर महिन्याला साडेनऊ हजारही पडत नाहीत, आणि बेणं, खत, पाणीपट्टी त्यातूनच जायची. पण आकडा एकदम आला की माणूस भागाकार विसरतो. आमचे दादा त्या आठवड्यात थोडे उंच दिसत.

त्याच घरात दुसरा खजिना होता, आईचा. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी. सकाळ-संध्याकाळ डेअरीत फॅट लागायची, कार्डावर लिटर लिहिले जायचे आणि पेंडीचे पैसे कापून उरलेली रक्कम हातात यायची. मीठ, तेल, वह्या, भिशी त्यातच भागे. त्या पैशाचं कौतुक कुणाला नव्हतं; घर मात्र त्यावर चालायचं.

मी दादांबरोबर कारखान्यावर जायचो, बहीण किटली घेऊन डेअरीत. आज दोघेही पुण्यात महिन्याच्या पगारावर आहोत, पण माझा पगार मला दुधाचा वाटतो, म्हणजे कुणी बघावा असा नाही. खरा पैसा दिवाळीचा बोनस. तो यायच्या आधीच फ्रिज, टीव्ही आणि मेव्हण्याचा मोबाइल त्यातून खर्ची पडलेले असतात. बहिणीची आवर्ती ठेव मात्र कधी चुकत नाही. तिचंही सगळं बरं चाललंय असं नाही. दहा दिवसांच्या पलीकडचा खर्च तिला दरोडा वाटतो. वॉशिंग मशीन घ्यायला तिनं इतकी वर्षं घेतली की तेवढ्यात उसाचे दोन खोडवे निघाले असते.

दोघांत शहाणं कोण, हे आई सांगत नाही. दादा तिच्याकडूनच उसने घेत, एवढं मला ठाऊक आहे. तेव्हा बोनसवाल्यांनो, यंदा रक्कम खात्यात आली की आधी तिला बारांनी भागा, आणि मग दुकानात जा.